पीएफचा क्लेम नावापाशी अडकतो तेव्हा

यूएएनवर लग्नानंतरचं आडनाव, बँक खात्यात अजून माहेरचं. किंवा आधारवर पूर्ण नाव आणि पासबुकात नुसतं ‘एस. आर. पाटील’. अशा वेळी पीएफचा क्लेम नाकारला जाऊ शकतो. लगेच पुन्हा क्लेम टाकू नका, कारण नाव तेच राहिलं तर उत्तरही तेच येणार.

आधी आधार, यूएएन आणि पासबुक शेजारी ठेवून स्पेलिंग अक्षर-अक्षर ताडा. आधार बरोबर असेल तर बाकी दोन्ही त्याच्याशी जुळवायचे. चूक बँकेत असेल तर शाखेत आधार आणि विवाह प्रमाणपत्र देऊन नाव बदला. मग पोर्टलवर Manage मधल्या KYC मध्ये खातं पुन्हा जोडा, मंजुरी दिसली की क्लेम टाका. यूएएनवरच चूक असेल तर Joint Declaration भरा. नवऱ्याचं खातं देण्याची पळवाट मात्र चालत नाही!