नजर बटणापर्यंत पोहोचते का?

जाहिरातीवर किंवा मेसेजमधल्या दुव्यावर बोट ठेवल्यावर जे एकच पान उघडते, त्याला लँडिंग पेज म्हणतात. या पानाकडून एकाच कामाची अपेक्षा असते: आलेल्या माणसाने मुख्य बटण दाबावे. पानावर फोटो, शीर्षक, किंमत, मेन्यू असे बरेच काही असते आणि हे सगळे घटक नजर आपल्याकडे ओढत असतात. त्यांतले आधी काय दिसते आणि नंतर काय, या क्रमाला दृश्य-उतरंड म्हणतात. पान चांगले दिसते की नाही, हा प्रश्न इथे गौण आहे. हा क्रम बटणाशी येऊन थांबतो की दुसरीकडेच भरकटतो, हे तपासायचे असते.

नजर कशामुळे ओढली जाते, हे बऱ्यापैकी ठाऊक आहे. मोठा आकार, आजूबाजूपेक्षा वेगळा रंग, उजेड-अंधाराचा ठळक फरक, भोवतालची मोकळी जागा, माणसाचा चेहरा आणि हालचाल ही त्याची मुख्य कारणे. मात्र यांतले कोणतेही कारण एकटे काम करत नाही. लाल बटण पांढऱ्या पानावर उठून दिसते, पण लाल फोटोशेजारी तेच हरवते. म्हणून बटण एकटे पाहून काहीच ठरवता येत नाही. ते त्याच्या शेजाऱ्यांसोबतच पाहावे लागते.

उदाहरण म्हणून देवगडच्या एका काल्पनिक बागायतदाराचे पान घेऊ. फेब्रुवारीत हापूसच्या पेट्यांची आगाऊ नोंदणी करण्यासाठी ते बनवले आहे. वर मेन्यू आहे, त्याखाली पिकलेल्या आंब्यांचा रुंद फोटो आणि फोटोवर बागेचे नाव. खाली तीन ओळींचा मजकूर, मग किंमत आणि त्याखाली नारिंगी बटण. बटणावर पांढऱ्या अक्षरांत ‘पुढे जा’ असे लिहिले आहे. उजव्या कोपऱ्यात व्हॉट्सॲपचे हिरवे गोल चिन्ह सतत तरंगते आहे. बनवणाऱ्याला वाटते, नारिंगी बटण कुणाच्याही नजरेतून सुटणार नाही.

पहिली तपासणी धूसर करून पाहण्याची. पानाचा स्क्रीनशॉट घेऊन तो फोटोच्या कोणत्याही ॲपमध्ये इतका धूसर करायचा की अक्षरे वाचता येऊ नयेत, पण ठिपके आणि पट्टे ओळखू यावेत. डोळे किलकिले करून पाहिले तरी साधारण तेच कळते. मजकूर वाचता येईनासा झाला की उरतात ती फक्त रंगांची आणि आकारांची वजने. आंब्यांच्या पानावर या चित्रात सर्वांत मोठा ठसा फोटोचा आहे, त्यानंतर कोपऱ्यातल्या हिरव्या ठिपक्याचा. बटण मात्र फोटोखालच्या आणखी एका नारिंगी तुकड्यासारखे दिसते, जणू एखादा आंबा खाली घरंगळला आहे. रंग भडक आहे, पण पानावर तो एकमेव नाही, म्हणून त्याची ओढ संपते.

दुसरी तपासणी रंग काढून टाकण्याची. तोच स्क्रीनशॉट कृष्णधवल केला की उजेड-अंधाराचा फरक तेवढा उरतो. रंगांधळ्या माणसांना आणि उन्हात मोबाइल पाहणाऱ्यांना हाच फरक उपयोगी पडतो. तो मोजताही येतो. वेबच्या सुलभतेसाठी वापरल्या जाणाऱ्या डब्ल्यूसीएजी या मानकानुसार साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी फरक किमान ४.५:१ असावा, आणि बटण ओळखण्यासाठी लागणाऱ्या कडा किंवा रंगाचा शेजारच्या रंगाशी फरक किमान ३:१ असावा. या पानावरच्या #FF9800 या नारिंगीचा पांढऱ्याशी फरक सुमारे २.२:१ आहे. म्हणजे पांढऱ्या पानावर बटणाचा आकार फिका पडतो आणि बटणावरची पांढरी अक्षरेही. त्याऐवजी #1B5E20 हा गडद हिरवा घेतला, तर हाच फरक जवळजवळ ७.९:१ होतो. शिवाय आंब्यांच्या फोटोशी त्याची गल्लत होत नाही.

या दोन तपासण्या नजर कुठे खेचली जाते तेवढेच सांगतात. माणूस काय शोधतो आहे, हे त्यांना कळत नाही. रशियन शास्त्रज्ञ आल्फ्रेड यार्बस यांनी डोळ्यांच्या हालचाली नोंदवताना एकच चित्र वेगवेगळे प्रश्न विचारून दाखवले होते. प्रश्न बदलला की नजरेची वाटही बदलत असे. आंब्यांच्या पानावर आलेल्याला बहुधा आधी किंमत आणि पेटी घरी कधी पोहोचेल, हे हवे असते. ते कळण्याआधी बटण कितीही ठळक असले तरी तो ते दाबणार नाही. म्हणून चांगल्या उतरंडीत बटण पहिले दिसलेच पाहिजे असे नाही. काय विकले जाते आहे, केवढ्याला, आणि मग बटण, असा क्रम सलग लागला पाहिजे.

त्यासाठी तिसरी तपासणी खऱ्या माणसांवर करावी लागते. पान आधी न पाहिलेल्या पाच-सहा जणांना ते मोबाइलवर दाखवून एक काम द्यायचे: ‘पाच डझनांची पेटी मागवायची आहे, पहिले बोट कुठे ठेवाल?’ बटण हा शब्द प्रश्नात येऊ द्यायचा नाही, नाहीतर उत्तर आधीच हाती दिल्यासारखे होते. पहिले बोट कुठे पडले आणि त्याआधी माणूस किती घुटमळला, एवढेच टिपायचे. अमेरिकेतले बॉब बेली आणि कॅरी वुल्फसन यांच्या अभ्यासात पहिली क्लिक बरोबर पडलेल्यांनी ८७ टक्के वेळा काम पूर्ण केले. चुकलेल्यांच्या बाबतीत हे प्रमाण ४६ टक्के होते.

आंब्यांच्या पानावर बहुतेकांचे बोट हिरव्या गोलाकडे गेले, तर निदान स्पष्ट आहे: तोच या पानाचा खरा मुख्य बटण झाला आहे. काहींनी किंमत वाचून बटण पाहिले, पण ‘पुढे जा’ म्हणजे नेमके काय, असे विचारले, तर दोष उतरंडीचा नाही, शब्दांचा आहे. तिथे ‘पेटी आगाऊ नोंदवा’ असे लिहिले की प्रश्न मिटतो. आणि बटण पहिल्या पडद्याच्या खाली राहून कुणी खाली सरकलेच नाही, तर फोटोची उंची कमी करावी लागते. संगणकाच्या रुंद पडद्यावर हा दोष दिसत नाही, म्हणून तपासणी मोबाइलवरच सुरू करावी.

दुरुस्तीत बटण आणखी मोठे करण्याचा मोह होतो, पण बहुधा शेजाऱ्यांचा आवाज कमी करणे अधिक उपयोगी ठरते. इथे फोटो निम्म्या उंचीचा करावा, व्हॉट्सॲपचे चिन्ह साध्या दुव्याच्या रूपात तळाशी न्यावे, मेन्यू काढून टाकावा, किंमत बटणाच्या अगदी वर आणून दोघांभोवती मोकळी जागा ठेवावी, आणि गडद हिरवा रंग त्या एका बटणाखेरीज कुठेही वापरू नये. त्यानंतर तिन्ही तपासण्या पुन्हा कराव्यात, आणि माणसे नवी घ्यावीत.

बदलानंतर क्लिक वाढल्या का, हे आकड्यांतही पाहता येते, पण छोट्या पानावर ते आकडे फसवतात. दोनशे जणांपैकी आधी चौघांनी बटण दाबले आणि नंतर सात जणांनी, तर तो निव्वळ योगायोगही असू शकतो. अशा वेळी माणसांच्या बोटांचे निरीक्षण आकड्यांहून अधिक सांगते.

निकालासाठी तीन अटी पुरेशा आहेत. धूसर चित्रात बटण हा स्वतंत्र, ओळखू येणारा ठिपका असावा. कृष्णधवल चित्रातही तो टिकावा. आणि काम दिलेल्या अनोळखी माणसांपैकी बहुतेकांचे पहिले बोट, किंमत वाचून, न घुटमळता त्यावर पडावे. तिसरी अट पुरी झाली नाही, तर पहिल्या दोन पुऱ्या होऊनही पान नापासच समजावे.