खांब निम्मे होत नाहीत

भंडाऱ्याहून वैनगंगा ओलांडली की कारधा लागतं. तिथे यथार्थदर्शन शिकवायला शाळेचा व्हरांडा आणि गावातला एखादा सरळ, सपाट रस्ता पुरतो. सोबत एक पट्टी हवी.

सुरुवात व्हरांड्यात करावी. मुलाला एका टोकाला मधोमध बसवावं, एक डोळा मिटायला लावावा आणि पट्टी डोळ्यांच्या उंचीवर आडवी धरायला सांगावी. पट्टी समोरच्या भिंतीला जिथे छेदते, ती क्षितिजरेषा. मूल उभं राहिलं की तीही वर चढते. कागदावर ही रेषा आखून डोळ्यासमोर येणारा ठिपका द्यावा. हा लोपबिंदू. त्याभोवती समोरच्या भिंतीचा छोटा आयत काढावा. मग पट्टी ठिपक्यावर आणि आयताच्या एकेका कोपऱ्यावर टेकवून, कोपऱ्यापासून बाहेर कागदाच्या कडेपर्यंत रेषा ओढाव्यात. छत आणि जमीन तयार! खांब मात्र उभेच राहतात, फरशीचे आडवे सांधे आडवेच. छताच्या आणि जमिनीच्या रेषा वेगवेगळ्या ठिपक्यांत मिळवणं ही नेहमीची चूक. प्रत्येक तिरक्या रेषेवर पट्टी ठेवली की ती लगेच पकडता येते.

खरी गंमत रस्त्यावर आहे. दोन्ही कडा ठिपक्यात मिळवणं मुलांना जमतं, पण विजेचे खांब काढताना ती सरसकट निम्मे करत जातात: १२ सेंटिमीटर, ६, मग ३.

इथे मोजूनच बघावं. पट्टीला दोरी बांधून ती दातांत धरावी, म्हणजे पट्टी डोळ्यापासून कायम ५० सेंटिमीटरवर राहते. समजा खांब ६ मीटर उंच आहेत, दर २५ मीटरवर एक आहे आणि मूल पहिल्यापासून २५ मीटरवर उभं आहे. पट्टीवर पहिला खांब १२ सेंटिमीटर दिसेल, दुसरा ६, तिसरा ४, चौथा ३. अंतर दुप्पट, तिप्पट, चौपट झालं की उंची निम्मी, तिसरा हिस्सा, चौथा हिस्सा होते. तिसरा खांब ३ सेंटिमीटरचा काढणारं मूल खरं तर चौथा काढत असतं.

कागदावर हा हिशेब करावाच लागत नाही. पहिले दोन खांब काढून त्यांचे शेंडे आणि बुंधे ठिपक्याशी जोडावेत. मग पहिल्याच्या शेंड्यापासून दुसऱ्याच्या बरोबर मध्यातून कर्णरेषा ओढावी. ती बुंध्यांच्या रेषेला जिथे मिळेल, तिथे तिसरा खांब. मोजा, ४ सेंटिमीटरच भरेल. पुढच्या खांबालाही हीच युक्ती.

दरवेळी एकाच पटीने लहान करत जाण्याची चूक फक्त मुलांची नाही. १४३५ च्या सुमारास इटलीत आल्बेर्तीने चित्रकलेवर ग्रंथ लिहिला. फरशीची प्रत्येक पुढची ओळ आधीच्या दोन तृतीयांश करणाऱ्या चित्रकारांना त्याने त्यात चुकीचं ठरवलं, आणि पडताळ्यासाठी कर्णच सुचवला: चौकटींवरून तिरपी जाणारी रेषा सरळ आली पाहिजे.

रस्ता चढाचा असेल तर त्याच्या कडा क्षितिजरेषेच्या वर मिळतात. त्यामुळे पहिला धडा नदीवरच्या पुलाच्या चढावर घेऊ नये.