श्कोदा : पोलिश माणसाची हळहळ

आपल्या रस्त्यांवर धावणाऱ्या स्कोडा गाडीचं नाव एमिल श्कोदा या चेक कारखानदाराच्या आडनावावरून आलं. चेक भाषेत या शब्दाचा अर्थ नुकसान, आणि 'अरेरे'सुद्धा. शेजारच्या पोलिश भाषेतही तो तसाच नांदतो. मोटार ठोकली की पोलिश माणूस विमा कंपनीला कळवतो ती 'श्कोदा', आणि मैत्रिणीने वाढदिवसाला येणं जमत नाही म्हणून फोन केला की तोंडून निघते तीही 'श्कोदा'.

नुकसानीचा हा हिशेब शब्दाच्या पोटात कायम असतो. शिळा पाव हातात घेऊन आजी म्हणते, "श्कोदा विझुत्साच." आपल्याकडची आजी म्हणेल, "टाकायला जीव होत नाही गं." पावाला अजून किंमत आहे, ती वाया जाईल, ही त्यातली कळ. 'श्कोदा चासू' म्हणजे त्यात घालवलेला वेळ फुकट जाईल. नुसतं 'श्कोदा गादाच' म्हटलं, की विषय बोलण्यापलीकडे गेला असं समजायचं.

माणसाबद्दल हाच शब्द आला की तो हळवा होतो. समजा, वर्गातला हुशार मुलगा परीक्षेच्या आदल्या दिवशी तापाने आडवा झाला. त्याचा मित्र म्हणेल, "श्कोदा मि गो." यातला 'मि' म्हणजे 'मला' आणि 'गो' म्हणजे 'त्याचं'. मला त्याचं वाईट वाटतं! विभक्तीची घडण थेट आपलीच आहे, त्यामुळे मराठी माणसाला हे वाक्य शिकवावं लागत नाही. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती ही, की इथे कीव करणारा वर आणि ज्याची कीव येते तो खाली, असं होत नाही. मुलगा गुणी आहे, त्याची मेहनत वाया गेली, म्हणून जीव हळहळतो. गुण दिसल्याशिवाय ही हळहळ येत नाही.

म्हणूनच एका ठिकाणी जपावं लागतं. कुणाचे वडील गेले आणि त्याच्यासमोर नुसतं 'श्कोदा' म्हटलं, तर ते कोरडं लागतं, जणू एखादा कार्यक्रम रद्द झाला. तिथे 'प्शिक्रो मि' म्हणायचं : मला फार वाईट वाटलं. गेलेल्या माणसाविषयी इतरांशी बोलताना मात्र 'श्कोदा' चालतं. चांगला माणूस गेला, असं त्यातून निघतं.

आणि चूक आपली असेल तर? पाहुण्याच्या हातून कप फुटला, तर त्याने 'श्कोदा' म्हणून चालत नाही, माफीच मागावी लागते. यजमान मग त्याच शब्दाचं क्रियापद करून म्हणतो, "न्ये श्कोजी." नुकसान होत नाही. आपण म्हणतो तसं, काही बिघडलं नाही.