पत्र्याला चिकटलेल्या हवेचा हिशेब

सपाट पत्र्यावरून वारा वाहतो तेव्हा पत्र्याला टेकलेली हवा जागची हलत नाही. तिथून वर जावे तसा वेग वाढतो आणि काही मिलिमीटरांवर तो बाहेरच्या वाऱ्याएवढा होतो. या मंद थराला सीमास्तर म्हणतात. लुडविग प्रांटल यांनी १९०४ मध्ये ही कल्पना मांडली. मात्र थराची जाडी किती, हे नेमके सांगता येत नाही, कारण वेग इतक्या हळूहळू बाहेरच्या वेगाला मिळतो की काठ सापडतच नाही. म्हणून अभियंते जाडीऐवजी तूट मोजतात.

समजा, वातबोगद्यात वाऱ्याचा वेग सेकंदाला ९ मीटर आहे आणि आपण पत्र्याच्या पुढच्या कडेपासून ६० सेंटिमीटरवर मोजतो आहोत. बारीक पिटो नळी एकेक मिलिमीटर वर सरकवत नेली की वेग मिळतात: २.९७, ५.६७, ७.६१, ८.६०, ८.९२ आणि सहाव्या मिलिमीटरला ८.९९. (हे आकडे संथ, थरबद्ध प्रवाहासाठी ब्लासियस यांनी केलेल्या गणितातले आहेत.)

प्रत्येक वेगाला ९ ने भागायचे आणि येणारे गुणोत्तर १ मधून वजा करायचे. ही त्या उंचीवरची तूट. शेजारच्या दोन तुटींची सरासरी काढून ती मधल्या अंतराने गुणायची आणि सगळ्या पट्ट्यांची बेरीज करायची. उत्तर येते १.७५ मिलिमीटर. ही विस्थापन जाडी: बाहेरच्या वाऱ्याला पत्रा जणू एवढा वर उचललेला भासतो.

संवेग जाडीसाठी बेरीज करण्याआधी प्रत्येक तूट त्याच उंचीवरच्या गुणोत्तराने गुणायची. उत्तर ०.६४ मिलिमीटर. हा आकडा मला अधिक मोलाचा वाटतो, कारण त्यातून थेट घर्षण कळते. हवेची घनता, वेगाचा वर्ग आणि संवेग जाडी यांचा गुणाकार केला की मीटरभर रुंद पत्र्याच्या एका बाजूवरची ओढ मिळते. इथे ती सुमारे सहा ग्रॅम वजनाएवढी आहे, आणि पत्र्याला हातही न लावता कळली आहे.

दोन जाड्यांचे गुणोत्तर २.७५ येते. ब्लासियस यांचे अचूक उत्तर २.५९ आहे, फरक आपल्या रुंद पट्ट्यांमुळे पडला. खळबळत्या प्रवाहात हे गुणोत्तर १.४ च्या आसपास असते, म्हणून त्यावरून प्रवाहाची जात ओळखतात.

खरी फसगत तळाशी होते. नळी पत्र्यावर शून्य उंचीला बसू शकत नाही, त्यामुळे तक्त्यात ती ओळच नसते. तशीच बेरीज केली तर विस्थापन जाडी ०.९१ वर घसरते, जवळपास निम्मी. कारण सर्वाधिक तूट तिथेच असते. संवेग जाडी ०.५३ होते, म्हणजे तिचे नुकसान कमी, कारण थांबलेली हवा तिच्यात भरच घालत नाही. पण गुणोत्तर १.७४ येते आणि संथ प्रवाह खळबळू लागल्याचा भास होतो.

तेव्हा असा तक्ता हाती आला की आधी वरच्या टोकाला ‘उंची ०, वेग ०’ ही ओळ लिहा आणि तळाच्या पहिल्या मिलिमीटरात शक्य तितकी जास्त मोजमापे घ्या.