उभ्या गाडीचं भाडं

लहानपणी मुंबईत काळ्या-पिवळ्या टॅक्सीत बसले, की माझं लक्ष रस्त्याकडे नसायचं. बॉनेटच्या डाव्या बाजूला बाहेर बसवलेल्या मीटरकडे मी बघत राहायचे. टॅक्सी धावत असताना त्यातले आकडे पुढे सरकायचे, हे समजण्यासारखं होतं. पण सिग्नलला गाडी पूर्ण थांबली, इंजिनही बंद झालं, तरी थोड्या वेळाने आत 'टक्' व्हायचं आणि आकडा बदलायचा. चाक फिरत नाही, मग या पेटीला कोण ढकलतं?

तिच्या आत घड्याळ होतं. जुन्या यांत्रिक मीटरमध्ये पैशांचं चक्र फिरवणारे दोघे असत. एक गाडीच्या चाकाकडून येणारी तार आणि दुसरं चावीचं घड्याळ. दोघे एकाच चक्राला ढकलत, पण त्यांची जोडणी अशी असे की ज्याचा वेग जास्त, त्याचंच चक्र ऐके आणि दुसरा नुसता मोकळा फिरत राही. गाडी पळाली की तार जिंके, थांबली की घड्याळ जिंके. टॅक्सीमीटर जर्मन संशोधक फ्रीडरिश विल्हेल्म गुस्टाव ब्रून याने 1891 साली बनवला असं मानतात. आकारणी या अर्थाचा 'टॅक्स' आणि मोजणारा तो 'मीटर' असं ते नाव आहे, आणि टॅक्सीला 'टॅक्सी' हे नाव या यंत्रावरूनच पडलं. म्हणजे वाहन मोजमापाच्या नावाने ओळखलं जातं, चाकांच्या नव्हे!

हे कुतूहल इतक्या वर्षांनी पुन्हा जागं झालं ते माझ्या मावसभावामुळे. तो कोकणात एका तालुक्याच्या गावी तीन गाड्या चालवतो. एका संध्याकाळी वही घेऊन आला आणि म्हणाला, "ताई, दरपत्रक करायचंय. लोक विचारतात, किलोमीटरचे पैसे देतो, मग वेटिंगचे वेगळे कशाला? आणि रात्री गाडी काय जास्त पेट्रोल खाते?" दोन्ही प्रश्न रास्त होते. आम्ही उत्तरं आकड्यांतच शोधायची ठरवली.

आधी एका गाडीचा एक दिवस कागदावर मांडला. आकडे सोयीसाठी ढोबळ धरलेले आहेत, तुमच्या गावी वेगळे निघतील. गाडी दहा तास कामावर असते आणि 120 किलोमीटर धावते. त्यातले 80 किलोमीटर प्रवासी बसलेला असतो, 40 किलोमीटर ती रिकामी जाते-येते. धावण्याचा खर्च, म्हणजे इंधन, टायर, ऑइल, सर्व्हिसिंग, किलोमीटरमागे 7 रुपये धरला. तो झाला 840. ड्रायव्हरचा दिवस, बँकेचा हप्ता, विमा, कर हे सगळं मिळून 1300. मालकाला उरायला हवेत 260. एकूण 2400 रुपये एका दिवसात गाडीने आणले पाहिजेत.

आता या 2400 मधले 840 सोडले, तर उरलेले 1560 रुपये अंतराशी बांधलेले नाहीतच. गाडी दारात उभी राहिली तरी हप्ता चालू असतो आणि ड्रायव्हरचा दिवसही जात असतो. 1560 ला दहा तासांनी भागलं की तासाला 156, मिनिटाला 2 रुपये 60 पैसे. उभ्या गाडीची खरी किंमत ही आहे. तिला मी मनाशी 'मिनिटाचा भाव' असं नाव दिलं. प्रवासी दवाखान्यात अर्धा तास गेला आणि गाडी बाहेर थांबली, तर इंधन शून्य जळतं. पण गाडीचे अठ्ठ्याहत्तर रुपये संपलेले असतात, कारण त्या अर्ध्या तासात ती दुसरं भाडं घेऊ शकत नाही.

मग आम्ही किलोमीटरला 25 रुपये आणि वेटिंगला मिनिटाला अडीच रुपये असा दर धरून पाहिला. 80 किलोमीटरचे 2000 झाले. दिवसभरात 160 मिनिटं वेटिंग होतं असं त्याच्या वहीत दिसत होतं, त्याचे 400. बेरीज 2400. वेटिंग सोडून सगळं किलोमीटरवरच घातलं असतं, तर दर 30 ठेवावा लागला असता. म्हणजे सरळ घरी जाणाऱ्या म्हाताऱ्या आजींनी दुसऱ्या कुणाच्या तरी बाजारातल्या तासाभराचे पैसे भरले असते. वेटिंग वेगळं लावणं हा न थांबणाऱ्या प्रवाशाला दिलेला न्याय आहे, हे मला तेव्हा लख्ख दिसलं.

आणि मग सिग्नलवरचा तो जुना 'टक्' उलगडला. किलोमीटरला 25 आणि मिनिटाला अडीच. दहा मिनिटांचे 25. म्हणजे गाडी दहा मिनिटांत एक किलोमीटर जात असेल, ताशी 6 किलोमीटर, तर अंतराने मोजा किंवा वेळेने मोजा, पैसे अगदी सारखे. माणूस झपझप चालतो तो हा वेग. याहून हळू असेल तर घड्याळ जिंकतं, याहून जोरात असेल तर चाक जिंकतं. कोणत्याही टॅक्सीचा हा सांध्याचा वेग काढता येतो. वेटिंगचा तासाचा दर घ्यायचा आणि किलोमीटरच्या दराने भागायचं. जुन्या मीटरमधली ती तार आणि ते घड्याळ हाच भागाकार न लिहिता, न बोलता, सतत करत होती. आजच्या इलेक्ट्रॉनिक मीटरमध्ये चाकाकडून विजेचे ठोके येतात आणि स्फटिकाचं घड्याळ असतं, पण निवाडा तोच.

या पद्धतीची मर्यादाही याच भागाकारात दिसते. गाडी ताशी 40 ने गेली तर तासाला 1000 रुपये होतात. वाहतुकीत अडकून ताशी 12 ने गेली तर 300. ताशी 12 हा 6 पेक्षा जास्त, म्हणून वेटिंगचा एक पैसाही लागत नाही. पूर्ण थांबलेल्या गाडीला तरी मिनिटं मिळतात, रांगणाऱ्या गाडीची मिनिटं फुकट जातात. म्हणून मीटरच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत दोन रीती मान्य आहेत: एकीत अंतर किंवा वेळ, यांतलं एकच मोजायचं, आणि दुसरीत दोन्ही एकाच वेळी मोजून बेरीज करायची. दुसऱ्या रीतीत किलोमीटरचा दर कमी ठेवता येतो आणि गर्दीचा भार गर्दीतल्याच प्रवासावर पडतो. भावाच्या गावात गर्दी फक्त बाजाराच्या दिवशी असते, त्यामुळे त्याला पहिली रीत पुरली.

किमान भाड्याचं कोडं त्यामानाने सोपं निघालं. मुंबईच्या टॅक्सीला 1 फेब्रुवारी 2025 पासून पहिल्या दीड किलोमीटरला 31 रुपये आणि पुढे किलोमीटरला 20 रुपये 66 पैसे हा दर आहे. दीडने गुणून पाहा: 30 रुपये 99 पैसे. वेगळं बसण्याचं शुल्क त्यात नाहीच. तुम्ही निदान दीड किलोमीटर विकत घेता, एवढाच त्याचा अर्थ. आम्ही त्याच हिशेबाने 37 रुपये 50 पैशांचे 40 केले.

रात्रीचा प्रश्न मात्र आम्हाला तासभर पुरला. मुंबईत मध्यरात्र ते पहाटे पाच या वेळात भाड्यावर पंचवीस टक्के जास्त लागतात. पंचवीसच का, हे आम्ही एका खऱ्या खेपेवर तपासलं. रात्री पाऊण वाजता ट्रेन येणार, स्टेशनपासून प्रवाशाचं घर साडेनऊ किलोमीटर. पहिल्या दीडचे 40, पुढच्या आठचे 200, वाटेत फाटक आणि सामान उतरवणं मिळून बारा मिनिटांचे 30. एकूण 270. त्यावर पंचवीस टक्के म्हणजे 67 रुपये 50 पैसे. हातात 338.

आता खर्चाची बाजू. दिवसा स्टेशनवर सोडायला येणारं आणि परत नेणारं भाडं मिळतं. रात्री एक बाजू कोरडीच. साडेनऊ किलोमीटर भरलेले आणि तेवढेच रिकामे, म्हणजे 19 किलोमीटरचे सातने 133. वेळ पाहिली, तर स्टेशनवर ट्रेनची वाट बघण्यात वीस मिनिटं, घरी पोचवायला बारा मिनिटांच्या थांब्यासह बत्तीस, परतायला वीस. 72 मिनिटांचे 2.60 ने 187. बेरीज 320. दिवसाच्या दराने 270 घेतले असते तर पन्नास रुपयांचा खड्डा पडला असता. पंचवीस टक्क्यांनी तो बरोबर बुजला आणि वर अठरा रुपये उरले. भाऊ कितीतरी वेळ त्या आकड्याकडे बघत राहिला. गाडी रात्री जास्त पेट्रोल खात नाही, पण एका भाड्यासाठी ते दुप्पट खाते.

पुढची ओळ त्यानेच लिहिली. "ताई, ट्रेन एक तास लेट झाली तर?" तासाचे आणखी 156. खर्च 476, हातात तेच 338. म्हणजे रात्रीचा अधिभार रिकाम्या परतीची भरपाई करतो, उशिराची नाही. आजवर दर महिन्याला त्याचे पैसे इथून गळत होते आणि तो दोष किलोमीटरच्या दराला देत होता. उपाय निघाला तो दर वाढवण्याचा नव्हता. ट्रेन कुठे आहे हे फोनवर पाहून ड्रायव्हरने घरून निघायचं, आणि ट्रेन फलाटाला लागल्यावर पंधरा मिनिटांनी वेटिंग सुरू, असा नियम त्याने लिहिला. बाराच्या आधी सुरू होऊन नंतर संपणाऱ्या प्रवासाला प्रवासी बसला ती वेळ धरायची, हेही लिहिलं. इलेक्ट्रॉनिक मीटरमधलं घड्याळ बारा वाजता स्वतः दर बदलू शकतं, वहीला ते जमत नाही. वहीला तर ताशी 6 चा सांधाही पकडता येत नाही. म्हणून गाडी सलग तीन मिनिटांहून जास्त उभी राहिली तरच वेटिंग, असं ठरलं.

अंतर मोजण्यातही एक बारीक चूक दडलेली असते. मीटर रस्ता मोजत नाही, चाकाचे फेरे मोजतो. नव्या टायरची नक्षी झिजून सहा मिलिमीटर कमी झाली, तर साधारण 29 सेंटीमीटर त्रिज्येचं चाक सुमारे दोन टक्क्यांनी लहान होतं. तेवढेच फेरे वाढतात आणि साडेनऊ किलोमीटरचा रस्ता जवळजवळ 9.7 भरतो. हवा कमी असली तरी कल त्याच बाजूला. तपासायचं असेल तर महामार्गावर दहा किलोमीटरच्या दगडांशी आकडा ताडून बघा, पाच-सहाशे मीटरचा फरक आला तर तो झिजेचा नसतो. वेटिंगची तपासणी आणखी सोपी आहे. गाडी पूर्ण उभी असताना घड्याळ लावून दहा मिनिटं मोजा. आमच्या दराने 25 रुपयेच वाढले पाहिजेत. गाडी चांगली धावत असतानाही पहिल्या रीतीचा मीटर वेळेचे पैसे मोजताना दिसला, तर त्याला हात लावलेला असू शकतो.

भावाचं दरपत्रक आता गाडीच्या मागच्या सीटसमोर चिकटवलेलं आहे. त्यावर चार ओळी आहेत: किमान भाडं, किलोमीटर, वेटिंग आणि ते कधीपासून मोजणार, रात्र कुठून कुठपर्यंत. तुम्ही पुढच्या वेळी गावात गाडी ठरवाल, तेव्हा किलोमीटरचा दर विचारून थांबू नका. वेटिंग कुठल्या क्षणी सुरू होतं, हे बसण्याआधी विचारा.