अरेंजमेंट रजिस्टर काय सांगतं
शिक्षकाची नोकरी : लेखांक ६

इंदूरच्या मराठी घरात नोकरीचा विषय निघाला की पुण्या-नाशिकचा कुणीतरी नातेवाईक हमखास सांगतो, ‘स्कूल ट्रिब्युनलमध्ये जा.’ सल्ला प्रेमाचा असतो, पण इथे कामाचा नाही. ते न्यायाधिकरण महाराष्ट्राच्या १९७७ च्या कायद्यातलं. मध्य प्रदेशात ते लागू नाही. शिवाय महाराष्ट्रातही तिथे अपील होतं ते बडतर्फी किंवा पदावनतीसारख्या कारवाईविरुद्ध. स्टाफरूममधल्या रोजच्या टोमण्यांसाठी ते दार नाही.

कामगार न्यायालयाचं दारही शिक्षकाला बंदच. गोव्यातल्या करंझाळे येथील शाळेच्या शिक्षिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच ठरवलं, की तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने शिक्षक ‘कामगार’ नाही. म्हणून सरकारी शाळेतल्या शिक्षकाला खात्याकडेच दाद मागावी लागते, आणि खातं वाचतं ते कागद.

समजा, इंदूरच्या एका सरकारी हायस्कूलमधल्या मॅडम. प्राचार्यांशी एकदा परीक्षेच्या ड्युटीवरून खटकलं आणि तेव्हापासून जवळपास प्रत्येक रिकामा तास त्यांच्याच माथी. वेळेवर आल्या तरी हजेरीपटावर लाल शेरा. दोन ज्येष्ठ सर त्या आत आल्या की बोलणं थांबवतात, आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नाव न घेता त्यांच्यावर विनोद. मॅडम अर्ज लिहितात : ‘प्राचार्य मुझे मानसिक रूप से प्रताड़ित करते हैं.’ जिल्हा शिक्षणाधिकारी प्राचार्यांकडून खुलासा मागवतात, प्राचार्य लिहितात ‘आरोप निराधार हैं’, आणि फाईल बंद.

चूक त्या एका वाक्यात आहे. त्याला तारीख नाही, कागद नाही. त्यामुळे ‘निराधार’ एवढंच उत्तर पुरतं. साक्ष द्यायला सहकारी पुढे येतील ही आशाही सोडावी. त्यांनाही त्याच प्राचार्यांच्या हाताखाली दिवस काढायचे आहेत. पण अरेंजमेंट रजिस्टरला कुणाची भीती नसते. गैरहजर शिक्षकाचा तास कुणी घेतला याची नोंद त्यात रोज होते. माहितीच्या अधिकारात, दहा रुपये शुल्क भरून, मागच्या तीन महिन्यांच्या पानांच्या प्रती मागाव्यात. उत्तराची मुदत ३० दिवस. आठ शिक्षकांत वाटले जायला हवेत ते तास एकाच नावापुढे साचलेले दिसले, की प्राचार्यांना खुलासा रजिस्टरचा द्यावा लागतो, स्वभावाचा नाही. लाल शेऱ्याचंही तसंच : ज्या दिवशी शेरा पडला, त्या दिवशी मोबाइलवर लागलेल्या ई-अटेंडन्सच्या वेळेचा स्क्रीनशॉट अर्जाला जोडावा.

मग अर्ज असा होतो : अमुक तारखेला, अमुक तासाला, अमुक लोकांसमोर काय शब्द वापरले, सोबत कोणतं पान. ‘प्रताड़ना’ हा शब्द शेवटी एकदाच पुरे. मागणीही नेमकी हवी : अरेंजमेंट पाळीपाळीने लावावी, खोटे शेरे रद्द करावेत, आणि चौकशी या शाळेबाहेरच्या अधिकाऱ्याने करावी.

खरी अडचण पुढे येते. अर्ज ‘उचित माध्यम से’ पाठवायचा, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार त्यांच्याच टेबलावरून! तो तिथे अडतो. म्हणून मूळ अर्ज प्राचार्यांकडे देऊन दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक घ्यावा, आणि त्याच दिवशी ‘अग्रिम प्रति’ असं लिहून एक प्रत जिल्हा शिक्षणाधिकाऱ्यांना स्पीड पोस्टाने पाठवावी. आवक क्रमांक द्यायला बाबू नकार देत असेल, तर प्राचार्यांची प्रतही पोस्टानेच. उत्तर आलं नाही तर पुढची पायरी इंदूर संभागाचे संयुक्त संचालक. मंगळवारी मोती तबेल्याच्या कलेक्टर कचेरीत जनसुनवाई असते, पण तिथला अर्ज फिरून त्याच शिक्षणाधिकाऱ्यांकडे येतो. स्मरणपत्र म्हणून ती उपयोगी, पहिली पायरी म्हणून नाही.

त्रासाला लैंगिक रंग असेल, म्हणजे शेरे शरीरावर किंवा कपड्यांवर असतील, तर वाट निराळी आणि घाईची. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या शाळेत, मग ती खासगी का असेना, अंतर्गत समिती असायलाच हवी. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार करायची; सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. चौकशी ९० दिवसांत. आरोप खुद्द संस्थाचालकावर असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं.

निव्वळ जाच असेल, तर खासगी शाळेतल्या शिक्षकाची बाजू सर्वांत लंगडी. नियुक्तिपत्र आणि शाळेचे सेवानियम हाच त्याचा आधार, आणि तक्रार प्राचार्यांकडे नव्हे, व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांकडे. नियुक्तिपत्रच हातात नसेल, तर आधी ते लेखी मागावं.

सरकारी शाळेत तक्रारीनंतरचा सूड बहुधा मार्चअखेरीस सी.आर.मध्ये उतरतो. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये देवदत्त प्रकरणात सांगितलं आहे, की गोपनीय अहवालातली प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवायला हवी, म्हणजे त्याला तिच्याविरुद्ध अभ्यावेदन देता येतं. ते कसं लिहायचं, ते पुढच्या आठवड्यात.