‘गंमत केली गं!’ म्हणण्याआधी

‘काडी पैलवान’, ‘ढोली’, ‘काळुंद्री’ ही नावं आपल्या घरांत लाडाची समजली जातात. कुणाला लागलं, तर आपण म्हणतो, ‘गंमत केली गं!’ आज यातल्या रंगाच्या गंमतीबद्दल बोलते.

आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी एकोणीस वर्षांची. लग्नकार्यात कुणीतरी म्हणायचं, ‘लाइट गेली तर हिला शोधायचं कसं?’ सगळे हसायचे, तीही हसायची. गंमत म्हटल्यावर तक्रार करायची सोयच राहत नाही. मग तिनं कुणाला न सांगता मेडिकलमधून गोरं करणारी ट्यूब आणली.

पंधरा दिवसांत चेहरा उजळ दिसू लागला. लोक म्हणाले, ‘काय गं, गोरी झालीस!’ त्यामुळे तिनं ट्यूब चालूच ठेवली. चार महिन्यांनी गाल लाल झाले, बारीक शिरा दिसू लागल्या, पुळ्या आल्या, हनुवटीवर लव वाढली. उन्हात गेलं की आग व्हायची. ट्यूब बंद केली, तर दोन-तीन दिवसांत चेहरा जास्तच भडकायचा. म्हणून ती पुन्हा लावायची.

त्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड होतं. हे औषध वाईट नाही. इसब, सोरायसिस अशा आजारांत डॉक्टर ते ठरावीक दिवस देतात. पण चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावलं, तर कातडी पातळ होते आणि तिला त्याची सवय लागते. रंग तर मेलॅनिन नावाच्या द्रव्यामुळे येतो. ते उन्हापासून कातडीचं रक्षण करतं. सावळेपणा हा आजार नाही, मग त्याला औषध कशाला?

घरात अशी ट्यूब असेल, तर तिच्यावरची नावं वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही स्टिरॉइडची नावं आहेत. अशा ट्यूबवर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये, असं छापलेलं असतं. तरी ती सहज मिळते. बरेच दिवस लावली असेल, तर ट्यूब घेऊनच त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. बंद कशी करायची, ते त्यांना ठरवू द्या. त्या मुलीचा चेहरा निवायला कितीतरी महिने लागले. शिरा अजून पूर्ण गेलेल्या नाहीत.

तिच्या आईला हे सगळं शेवटी कळलं. मुलगी म्हणाली, ‘तुम्हीपण हसत होतात ना, मग सांगू कुणाला?’

म्हणून हळदीकुंकवाला, बारशाला असा विनोद निघाला, तर त्या मुलीनं उत्तर देण्याची वाट पाहू नका. ती बोलली, तर ‘हिला गंमत कळत नाही’ असं ऐकावं लागतं. शेजारी बसलेल्या मावशीनं, काकूनं म्हणावं, ‘रंगावरून नको गं बोलू. ती काय शिकतेय ते विचार.’ एवढं म्हटलं, की घरी गेल्यावर कुणाशी बोलायचं ते त्या मुलीला कळतं.